आयपी कॉन्फ्लिक्ट : एकाच नेटवर्कवर दोन मशीनना एकच अ‍ॅड्रेस

एकाच लोकल नेटवर्कवरची दोन उपकरणं एकच आयपी अ‍ॅड्रेस वापरायला लागली की त्याला आयपी कॉन्फ्लिक्ट किंवा डुप्लिकेट आयपी म्हणतात. नेटवर्कमध्ये पॅकेट शेवटी पोचतं ते उपकरणाच्या नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसवर, त्यामुळे पाठवणारं मशीन आधी सगळ्यांना विचारतं की हा आयपी कुणाचा, आणि ज्याचा असेल तो आपला मॅक सांगतो. ही पद्धत म्हणजे एआरपी, 1982 सालची, आणि उत्तर देणारा खरा मालक आहे का हे तपासायची सोय तिच्यात नाहीच. दोघांनी उत्तर दिलं तर कुठलं तरी एक लक्षात राहतं, बहुतेक वेळा शेवटी आलेलं, आणि थोड्या वेळाने परत विचारलं की दुसरं.

दोन फोन किंवा लॅपटॉप भांडत असतील तर ते बऱ्याचदा आपोआप निस्तरतं. 2008 च्या आरएफसी 5227 या इंटरनेट मानकाप्रमाणे मशीन अ‍ॅड्रेस घ्यायच्या आधी तो कुणाकडे आहे का ते विचारून बघतं, विंडोज तर तसा मेसेज पण दाखवतं. खरा त्रास होतो तो राऊटरचाच अ‍ॅड्रेस डबल झाला की, कारण घरगुती राऊटर बरेचदा ही तपासणी करत नाहीत आणि कुठल्याच स्क्रीनवर काही एरर येत नाही.

कोकणात हे होमस्टेमध्ये हमखास होतं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंतीतून वायफाय जात नाही, म्हणून मागच्या खोल्यांसाठी वाडीतून केबल टाकून दुसरा राऊटर लावतात. समजा तारकर्लीच्या एका घरात पुढचा फायबरवाला राऊटर 192.168.1.1 वर आहे आणि मागचा नीट सेट करून 192.168.1.2 वर ठेवलाय, आणि फोनना आपोआप आयपी वाटणारा डीएचसीपी त्यावर बंद. पावसात लाईट येत-जात होती, नेट बंद पडलं म्हणून कुणीतरी मागच्या राऊटरचं रिसेटचं बटण दाबून धरलं आणि तो फॅक्टरी सेटिंगला गेला, म्हणजे तोही 192.168.1.1 आणि वर डीएचसीपी पण चालू. आता गंमत अशी की काही फोनवर नेट चालतं, काहींवर वायफायची खूण पूर्ण दिसते पण पान उघडत नाही, आणि जे मघाशी चालत होतं ते आता बंद. लोक कंपनीला फोन करतात, पण लाईनमध्ये काहीच दोष नसतो.

ओळखायचं असं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये `arp -a` टाकून 192.168.1.1 समोरचा मॅक लिहून ठेवायचा, नेट अडकलं की परत बघायचं. मॅक बदलला असेल तर राऊटर दोन आहेत. लिनक्स लॅपटॉप असेल तर एका मिनिटात खात्री होते (`eth0` च्या जागी आपल्या कार्डाचं नाव):

```
sudo arping -b -I eth0 192.168.1.1
Unicast reply from 192.168.1.1 [00:00:5E:00:53:0A]
Unicast reply from 192.168.1.1 [00:00:5E:00:53:7C]
```

इथे `-b` विसरू नका, नाहीतर पहिलं उत्तर आलं की `arping` पुढचे प्रश्न त्या एकालाच विचारतं आणि दुसरा लपून राहतो.

मग उपकरण शोधायचं. राऊटरच्या खालच्या स्टिकरवर मॅक असतो, पण लॅनचा मॅक त्यापेक्षा शेवटच्या आकड्यात थोडा वेगळा असू शकतो, म्हणून अगदी तंतोतंत जुळला नाही तरी सोडून देऊ नका. मॅकच्या पहिल्या सहा अक्षरांवरून कंपनी कळते. फोन मात्र खोटा मॅक वापरतात, तिथे दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असतं आणि कंपनी शोधण्यात अर्थ नसतो. स्टिकर खाऱ्या हवेने पुसला गेला असेल तर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे `arping` चालू ठेवून स्विचमधल्या केबली एकेक काढत जायचं, ज्या केबलीला दुसरं उत्तर थांबेल तिच्या टोकाला आपला आरोपी. हे सगळं त्याच नेटवर्कवर बसून करावं लागतं, एआरपी राऊटरच्या पलीकडे जात नाही, पुण्यात बसून होणार नाही.

सापडल्यावर मागचा राऊटर नेटवर्कमधून काढून एकटा लॅपटॉपला जोडायचा, आयपी परत 192.168.1.2 करायचा (पुढचा राऊटर ज्यातून आयपी वाटतो त्या डीएचसीपी पूलच्या बाहेरचा), डीएचसीपी बंद करायचा, आणि मगच वाडीतली केबल त्याच्या लॅन पोर्टला लावायची. ज्या फोननी चुकीच्या राऊटरकडून अ‍ॅड्रेस घेतला होता त्यांचं वायफाय एकदा बंद-चालू करावं लागतं, नाहीतर ते मुदत संपेपर्यंत तोच धरून बसतात, आणि दोन्ही राऊटरचा पूल सारखाच असेल तर तोच अ‍ॅड्रेस पुढचा राऊटर दुसऱ्याच कुणाला तरी देऊन ठेवतो.