‘आय-सेव्हन’च्या पुढचे आकडे वाचा

सोलापुरात जुना लॅपटॉप घ्यायला गेलात की दुकानदार आधी ‘आय-सेव्हन आहे’ असं सांगतो. पण एवढ्यावरून काहीच ठरत नाही. समजा टेबलावर दोन लॅपटॉप आहेत. एकात इंटेलची i7-6600U ही प्रोसेसर चिप आहे, दुसऱ्यात i5-8250U. नाव पाहून पहिला भारी वाटतो, पण घ्यायचा तो दुसरा.

रेघेनंतरच्या चार आकड्यांतला पहिला आकडा पिढी सांगतो. म्हणजे पहिली चिप सहाव्या पिढीची, २०१५ची. तिच्यात कोर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, फक्त दोन. दुसरी आठव्या पिढीची, २०१७ची, आणि तिच्यात चार कोर आहेत. शेवटचा U दोन्हीकडे सारखाच: कमी वीज खाणारी, साधारण १५ वॅटची चिप. तेवढ्याच विजेत दुप्पट कोर मिळतात. शिवाय विंडोज ११च्या अधिकृत यादीत सहावी पिढी नाही, आणि विंडोज १०ला सुरक्षेच्या अपडेट देणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बँकेचे व्यवहार करायच्या लॅपटॉपसाठी ही गोष्ट मला वेगापेक्षाही महत्त्वाची वाटते.

एक फसगत हमखास होते. i5-1135G7 पाहून कुणी ‘पहिली पिढी’ म्हणेल. इथे पहिले दोन आकडे घ्यायचे: ही अकरावी पिढी. i5-1235U बारावी. पहिल्या पिढीच्या नावात तीनच आकडे असत, उदाहरणार्थ i5-520M. त्यामुळे चार किंवा पाच आकडी नाव १ने सुरू झालं की दोन आकडे मिळून पिढी वाचा.

U च्या जागी H असेल तर चिप साधारण ४५ वॅटची. व्हिडिओ एडिटिंगला ती उत्तम, पण बॅटरी लवकर उतरते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पंखा धुळीने भरलेला असेल तर चिप तापून स्वतःच वेग कमी करते.

कव्हरवरच्या स्टिकरवर भरवसा ठेवू नका, तो बदलता येतो. लॅपटॉप सुरू करून Ctrl+Shift+Esc दाबा, Performance मध्ये CPU उघडा. उजवीकडे वर पूर्ण नाव दिसतं, खाली Cores चा आकडा. 6600U असेल तर तिथे २ दिसतील, 8250U असेल तर ४.

डेस्कटॉपमध्ये अक्षरं वेगळी. ऑफिसांतून येणाऱ्या छोट्या डब्यांत बहुधा T असतो. i5-8500T ३५ वॅटची, मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ; साधी i5-8500 ६५ वॅटची, वेग ३. कोर दोन्हींत सहाच, त्यामुळे बिलिंगच्या कामाला T पुरते, आणि ती गारही राहते. K म्हणजे कुलूप काढलेली चिप, जिचा वेग आपल्याला वाढवता येतो. पण तो वाढवायला Z मालिकेचा मदरबोर्ड लागतो. 12600K घेऊन B660 बोर्डवर बसवली तर चिप व्यवस्थित चालते, पण तिचा गुणक, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, वाढवता येत नाही. वर K च्या खोक्यात सहसा कूलर नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. वेग वाढवायचा नसेल तर K चे जादा पैसे रॅमवर आणि एसएसडीवर घाला.