सावजी मसाल्याचे चाळीस व्ह्यूज आणि रिकामा रिपोर्ट

नागपुरात घरोघरी आता कोणी ना कोणी यूट्यूब चॅनल काढून राहिलं, आणि सगळ्यांची तक्रार एकच, की स्टुडिओत ऑडियन्सच्या टॅबवर वय आणि जेंडरचा रिपोर्ट उघडला की "Not enough demographic data to show this report" एवढंच दिसते. लोकांना वाटते यूट्यूब आपले प्रेक्षक मोजतच नाही. तसं नाही राजेहो, मोजते बरोबर, फक्त दाखवत नाही.

समजा प्रतापनगरातल्या एका काकूंनी सावजी मसाल्याचा व्हिडिओ टाकला आणि लिंक फ्लॅट स्कीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिली. व्ह्यूज आले 40. त्यातले 10 लॉगिन न करता पाहणाऱ्यांचे, त्यांचं वय कोणाला माहीत? हा रिपोर्ट साइन-इन असलेल्यांवरच बनते, म्हणजे उरले 30. वयाचे गट सात, 13–17 पासून 65 च्या वरपर्यंत, आणि प्रत्येक गट पुन्हा जेंडरनुसार फुटते. 30 व्ह्यूज इतक्या खान्यांत वाटले तर बऱ्याच खान्यांत एखादाच माणूस उरते.

आता धरा की रिपोर्ट दिसला असता. सोमवारी 65 वरच्या बायका शून्य टक्के, मंगळवारी साइन-इनवाले व्ह्यूज 30 चे 31 झाले आणि तोच आकडा 3.2 टक्के. 31 पैकी एक म्हणजे 3.2, बस. त्या ग्रुपात 65 वरची बाई एकच, तिसऱ्या माळ्यावरच्या आजी, म्हणजे त्यांनी कोणत्या दिवशी काय पाहिलं हे काकूंना नाव न विचारता कळलं! मसाल्याचा व्हिडिओ आहे तोवर ठीक, पण विषय आजाराचा किंवा घटस्फोटाचा असता तर? म्हणून एका मर्यादेखाली रिपोर्ट झाकलेलाच राहते. वेबसाइटवर कोण येते हे मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये अशी मर्यादा एकेक माणूस ओळखू येऊ नये म्हणून आहे, हे गूगल स्वतःच सांगते. यूट्यूबनं मात्र आपला आकडा जाहीर केलेला नाही, त्यामुळे "इतके सबस्क्रायबर झाले की दिसते" असं कोणी छातीठोक सांगत असेल तर सोडून द्या.

आणि दिसला असता तरी भरवसा काय ठेवणार? 30 व्ह्यूजवर "बायका 50 टक्के" आलं तर खरा आकडा साधारण 32 ते 68 मध्ये कुठंही असू शकते. हजार व्ह्यूजवर ही चूक तीनेक टक्क्यांवर येते.

खरी गोष्ट सबस्क्रायबरची नाहीच, निवडलेल्या काळातल्या व्ह्यूजची आहे. दोन हजार सबस्क्रायबर असून महिनाभर काही टाकलं नाही तर तोच मेसेज परत येऊ शकते. त्यामुळे आधी एका व्हिडिओवरून पूर्ण चॅनलवर या, मग 28 दिवसांऐवजी 365 दिवस किंवा Lifetime लावून पाहा. तिथंही रिकामंच असेल तर सेटिंगमध्ये शोधत बसू नका, बटण नाही त्याचं, व्ह्यूजच कमी आहेत. तोवर प्रेक्षक कोण हे कळायला काकूंना कमेंट वाचणंच जास्त कामाचं.