फ्यू: आकड्याच्या वेषातला नकार

पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या आयटी कंपनीतून परदेशी ग्राहकाला जाणाऱ्या ईमेलमध्ये एक वाक्य हमखास असतं: ‘आय हॅव फ्यू डाऊट्स.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, ‘मला काही शंका आहेत, विचारतो.’ वाचणारा शिकागोचा असेल, तर त्याच्या व्याकरणाप्रमाणे या वाक्याचा अर्थ होतो, ‘मला फारशा शंका नाहीत.’ खाली एक, दोन, तीन असे प्रश्न ओळीने लावलेले असतात म्हणून तो समजून घेतो आणि वेळ निभावते. प्रश्न पुढच्या मीटिंगसाठी राखून ठेवले असतील, तर मात्र तो खूश होऊन कामाला लागेल आणि इकडे आपण त्याच्या उत्तराची वाट बघत बसू.

गळलेला शब्द एकच, ‘अ’. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे इंग्रजी लिहिताना आपल्याकडून ते सुटतं. ‘शी इज टीचर’ लिहिलं तर ऐकणाऱ्याला खटकतं, पण अर्थ पोचतो. ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ यांच्यापुढचा ‘अ’ तसा नाही. तो गेला की होकाराचा नकार होतो.

शाळेत हे शिकवतात, नाही असं नाही. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे, अर्थ सकारात्मक. ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच, अर्थ नकारात्मक. नियम बरोबर आहे, पण ‘नकारात्मक’ हा शब्द घात करतो. मुलं त्याचा अर्थ ‘वाईट’ असा लावतात आणि मग ‘द रिपोर्ट हॅज फ्यू मिस्टेक्स’ हे वाक्य तक्रारीचं वाटायला लागतं. प्रत्यक्षात ती शाबासकी आहे: अहवालात फारशा चुका नाहीत. तक्रार करायची असेल तर ‘अ फ्यू मिस्टेक्स’ म्हणायचं, म्हणजे चुका आहेत, बघून घ्या. औषधाचंही तेच. ‘फ्यू साइड इफेक्ट्स’ असलेलं औषध घ्यायला हरकत नाही. ‘अ फ्यू साइड इफेक्ट्स’ म्हटल्यावर आपण विचारतो, कोणते? ज्याची मोजदाद चालली आहे ते हवंसं असेल तर ‘फ्यू’ ही वाईट बातमी, नकोसं असेल तर चांगली. ‘फ्यू’मधली नकारात्मकता मूडची नाही, व्याकरणाची आहे.

व्याकरणाची म्हणजे काय, हे १९६४ साली एडवर्ड क्लिमा या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने इंग्रजीतल्या नकारावरच्या एका दीर्घ निबंधात दाखवलं. त्यातली एक कसोटी कुणालाही करून बघता येते. इंग्रजीत होकारार्थी वाक्याच्या शेपटाला नकारार्थी प्रश्न लागतो आणि नकारार्थी वाक्याला होकारार्थी. आता ‘फ्यू पीपल केम’ याला शेपूट लावून बघा. इंग्रज म्हणतो, ‘फ्यू पीपल केम, डिड दे?’ पण ‘अ फ्यू पीपल केम’ म्हटलं की शेपूट ‘डिडन्ट दे?’ असं येतं. पहिल्या वाक्यात ‘नॉट’ कुठेच नाही, तरी ते नकारार्थी वाक्यासारखं वागतं. ‘एव्हर’ हा शब्दही तेच सांगतो. तो साध्या होकारार्थी विधानात बसत नाही, नकार किंवा प्रश्न लागतो. ‘फ्यू पीपल हॅव एव्हर सीन इट’ सहज चालतं; तिथे ‘अ फ्यू’ घातलं की वाक्य मोडतं.

या छुप्या नकाराचं मूळ तर्कात सापडतं. समजा एका गावाबद्दल आपल्याला एवढंच कळलं, की फारच थोड्या घरांकडे वाहन आहे. मग फारच थोड्या घरांकडे ट्रॅक्टर असणार, हे गावात न जाताही सांगता येतं. ट्रॅक्टर हे वाहनच. वाहनवाली घरंच कमी, तर ट्रॅक्टरवाली त्याहून जास्त कुठून येतील? मोठ्या गटाबद्दलचं विधान छोट्या गटाला आपोआप लागू झालं. आता बातमी बदला: काही घरांकडे वाहन आहे. यावरून ट्रॅक्टरबद्दल काहीच सांगता येत नाही, सगळ्या मोटारसायकलीच असू शकतील. इथे तर्क उलट्या दिशेने चालतो: काही घरांकडे ट्रॅक्टर आहे असं कळलं, तर काही घरांकडे वाहन आहे हे नक्की. नकार नेमका पहिल्यासारखा वागतो. ‘गावात वाहन नाही’ यावरून ‘गावात ट्रॅक्टर नाही’ हे निघतंच. ‘एनी’, ‘एव्हर’ अशा शब्दांना कुठे जागा मिळते, याचं उत्तर तर्काच्या या खाली उतरणाऱ्या दिशेत आहे, असं विल्यम लॅडुसॉ यांनी १९७९ च्या आपल्या प्रबंधात मांडलं. त्यावर पुढे वाद झाले, दुरुस्त्या झाल्या, पण ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ वेगळे करायला ही दिशा आजही उत्तम चालते.

मग आकड्यांचं काय? ‘फ्यू’ म्हणजे दोन-तीन आणि ‘अ फ्यू’ म्हणजे पाच-सहा, असं काही आहे का? नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात लिंडा मॉक्सी आणि अँथनी सॅनफर्ड यांनी १९८०च्या दशकापासून यावर प्रयोग केले. लोकांना या शब्दांमागचं प्रमाण विचारलं, तर दोन्हींचे अंदाज एकमेकांवर बरेच चढतात. फरक दुसरीकडे दिसला. ‘अमुक लोकांपैकी फ्यू तिथे गेले. ते…’ असं अर्धवट वाक्य देऊन पुढचं पुरं करायला सांगितलं, तर ‘फ्यू’नंतर लोक बहुधा न गेलेल्यांबद्दल लिहितात: ते घरी टीव्हीवर सामना बघत बसले, वगैरे. ‘अ फ्यू’नंतर गेलेल्यांबद्दल लिहितात.

सोसायटीच्या वार्षिक सभेचं घ्या. चाळीस सभासद, आले सात. सचिवाने इतिवृत्तात ‘अ फ्यू मेंबर्स अटेंडेड’ लिहिलं तर पुढचं वाक्य त्या सातांचं असेल: त्यांनी पाण्याच्या टाकीचा विषय काढला. ‘फ्यू मेंबर्स अटेंडेड’ लिहिलं तर वाचणारा मनात गैरहजर तेहतीस जणांना हाका मारायला लागतो: का नाही आले, कोरम झाला का, सभा तहकूब करायची का? आकडा सातच, पण दिव्याचा झोत भरलेल्या खुर्च्यांवरून रिकाम्या खुर्च्यांवर गेला.

मेंदूला हे किती लवकर कळतं, हेही तपासलं गेलंय. अनपेक्षित शब्द वाचला की साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत आलेखात एक ठरावीक लाट मोठी होते. सॅन दिएगोच्या थॉमस उरबाक आणि मार्टा कुटास यांनी २०१० साली तिचा उपयोग केला. ‘बहुतेक शेतकरी पिकं घेतात’ आणि ‘बहुतेक शेतकरी गांडुळं पाळतात’ यांत दुसरं वाक्य खटकायला हवं, तसं ते खटकलं. ‘मोस्ट’च्या जागी ‘फ्यू’ घातल्यावर चित्र उलटायला हवं होतं, कारण ‘फारच थोडे शेतकरी पिकं घेतात’ हेच विचित्र आहे. ते पूर्ण उलटलं नाही. फरक थोडा कमी झाला, पण ‘गांडुळं’ खटकतच राहिली. वाचून झाल्यावर मात्र वाक्य पटतं का असं विचारलं, तर लोक बरोबर उत्तर देत. म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही ‘फ्यू’मधला नकार त्या क्षणी पुरता पचत नाही. आपल्या ईमेलवाल्याला एवढा दिलासा पुरे.

‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांची गोष्ट तीच, फक्त मोजता न येणाऱ्या वस्तूंची: पाणी, वेळ, पैसा, आशा. डॉक्टरांना ‘आय स्लेप्ट अ लिटल’ सांगितलं तर रात्री थोडी झोप झाली; ‘आय स्लेप्ट लिटल’ सांगितलं तर ते झोपेच्या गोळीचा विचार करतील. ‘मेनी’ आणि ‘मच’ यांच्यातही मोजता येण्या-न येण्याचाच फरक. मराठीत ‘पुष्कळ माणसं’ आणि ‘पुष्कळ पाणी’ एकाच शब्दात भागतं, म्हणून तो पाठ करावा लागतो. पण ‘मच’ची एक खोड कमी वेळा सांगितली जाते. ‘आय डोन्ट हॅव मच मनी’ सहज वाटतं, ‘आय हॅव मच मनी’ अवघडलेलं. तिथे इंग्रज ‘अ लॉट ऑफ’ म्हणतो. मराठी माणसाला हे समजायला अडचण नसावी, कारण आपलं ‘फारसं’ याहून कडक आहे. ‘फारसे पैसे नाहीत’ म्हणता येतं, ‘फारसे पैसे आहेत’ असं कुणी म्हणत नाही.

‘अ’चं काम मराठीत कोण करतं, असं विचाराल तर उलट्या बाजूने ‘च’ करतो. ‘थोडे लोक आले’ म्हणजे ‘अ फ्यू’. ‘थोडेच लोक आले’ म्हटलं की ‘फ्यू’. इंग्रजीत शब्द जोडून होकार मिळतो, मराठीत अक्षर जोडून नकार. आणि मराठी इथे थांबलेली नाही. ‘मी थोडाच वेडा आहे!’ या वाक्यात वेडेपणाचं प्रमाण कमी असल्याचा दावा नाही. तो सपशेल नकार आहे. ‘कमी’पासून निघालेला शब्द ‘नाही’पर्यंत पोचल्याचं इतकं ढळढळीत उदाहरण आपल्या रोजच्या बोलण्यात असताना शाळेत ‘फ्यू’ शिकवताना ते कुणी वापरत नाही, याचं मला नवल वाटतं.

‘अ’ दिसला की होकार, असं डोळे मिटून धरू नये. ‘ओन्ली अ फ्यू’मध्ये ‘अ’ असूनही झोत पुन्हा कमतरतेवर जातो. ते आपलं ‘थोडेच’ किंवा ‘मोजकेच’. ‘क्वाइट अ फ्यू’ तर थोडे नव्हेतच, चक्क बरेच. शिवाय बोलताना हा ‘अ’ इतका हलका उच्चारला जातो, की फोनवर तो हरवायला वेळ लागत नाही. इंग्रज स्वतः बोलताना नुसता ‘फ्यू’ किंवा ‘लिटल’ फारसा वापरत नाही, तो पुस्तकी वाटतो. त्याऐवजी तो ‘नॉट मेनी’, ‘नॉट मच’ म्हणतो, म्हणजे नकार उघडच ठेवतो. आणि शंका विचारायच्या असतील तेव्हा ‘अ फ्यू क्वेश्चन्स’ म्हणतो, कारण ‘डाऊट’ म्हणजे त्याच्या कानाला प्रश्न नव्हे, अविश्वास.