फोटो ‘एसआरजीबीत आहे’ आणि फोटोत ‘एसआरजीबी प्रोफाइल आहे’, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

एकच फोटो क्रोममध्ये एक दिसतो आणि फायरफॉक्समध्ये दुसराच, यावर तेच तेच ऐकून मी खरंच दमलोय. कुणी म्हणतं फायरफॉक्स रंग भडक करतो, कुणी म्हणतं क्रोम फिके पाडतो, आणि एक जण हमखास सांगतो की कॅशे क्लिअर करा. कॅशेचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

फोटो म्हणजे लाल-हिरव्या-निळ्याचे 0 ते 255 आकडे हे सगळ्यांना माहितीय, ते सोडून देऊ. पण नुसता आकडा म्हणजे रंग नव्हे. आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात कुणी नुसतं ‘पाच’ म्हणालं तर पुढचा विचारणारच, पाच काय, पोती का क्विंटल? तसंच 255,0,0 म्हणजे ‘सगळ्यात लाल’, पण कुठल्या मापातला? वेबवर नेहमी चालणाऱ्या एसआरजीबीच्या मापात तो एक लाल आहे, आणि डिस्प्ले पी3 नावाच्या मोठ्या मापात त्याहून गडद, वेगळाच लाल. फोटोत जे आयसीसी प्रोफाइल चिकटवलेलं असतं ते हे माप सांगतं. मॉनिटरचंही स्वतःचं प्रोफाइल असतं, आणि ब्राउझरचं काम एवढंच की फोटोच्या मापातले आकडे मॉनिटरच्या मापात बदलून द्यायचे.

सगळा घोळ होतो तो इथं. फोटोत प्रोफाइल असेल तर दोन्ही ब्राउझर ते वाचतात, रूपांतर करतात, भांडण नाही. प्रोफाइल नसेल तर क्रोम धरून चालतो की हा एसआरजीबी असणार, आणि तसं धरून रूपांतर करतो. विंडोजवरचा फायरफॉक्स त्याच्या मूळ सेटिंगमध्ये काहीच धरत नाही, जे आकडे आहेत ते जसेच्या तसे मॉनिटरला देऊन टाकतो. एवढाच फरक आहे.

मागच्या सीझनला मी एका हळद व्यापाऱ्याच्या पाकिटाचा फोटो केला, पांढऱ्या कापडावर पाकीट, आणि पाकिटावर ‘राजापुरी’ लिहिलेली लाल पट्टी जी मी मुद्दाम शुद्ध 255,0,0 ठेवलेली. वेबसाइटवर चढवल्यावर त्यांचा फोन आला, “ओ, तुम्ही पाठवलेली लाल चांगली होती की, इथं पोराच्या कॉम्प्युटरवर डोळ्यात खुपतीय आणि हळद पण केशरी मारतीय.” मी म्हणलं क्रोममध्ये बघा, तर म्हणाले, “त्यात बरोबर हाय, मग चुकतंय कोण?”

पोराचा मॉनिटर पी3 वाला वाइड गॅमट होता, म्हणजे एसआरजीबीपेक्षा जास्त गडद रंग दाखवणारा. एसआरजीबीचा 255,0,0 पी3 मध्ये नेला की तो साधारण 234,51,35 होतो. क्रोम मॉनिटरला ते 234,51,35 देत होता, फायरफॉक्स सरळ 255,0,0 देत होता, म्हणजे मॉनिटरला जमेल तेवढा सगळ्यात गडद लाल. पिवळ्याचंही तसंच, शुद्ध 255,255,0 रूपांतर करून 255,255,84 व्हायला हवा तो तसाच गेला. आणि पांढरं कापड? ते दोन्हीकडं सारखंच होतं, कारण पांढऱ्या-करड्याचे तिन्ही आकडे सारखे असतात आणि या दोन मापांत ते बदलत नाहीत. हीच ओळखायची खूण. करडा तसाच राहून फक्त लाल, हिरवा, केशरी भडकला असेल तर प्रकरण प्रोफाइलचं आहे. सगळाच फोटो पिवळट किंवा निळसर झाला असेल तर तिथं नाइट लाइट बिइट चालू आहे का ते बघा, तो वेगळा विषय आहे.

आता फोटोतलं प्रोफाइल गेलं कुठं? मी तर घालून पाठवलेलं. वेबसाइटवर फोटो हलका करणारं एक प्लगिन होतं, ते जास्तीची माहिती काढताना प्रोफाइलही काढून टाकत होतं. एसआरजीबीचं नेहमीचं प्रोफाइल जेमतेम 3 केबीचं असतं ओ, तेवढं वाचवून काय मिळालं मला खरंच कळत नाही.

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. लोक विंडोजमध्ये फोटोच्या प्रॉपर्टीज उघडतात, तिथं `Color representation: sRGB` दिसतं आणि छातीठोक सांगतात की प्रोफाइल आहे. अहो, ती कॅमेऱ्यानं एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या माहितीत, टाकलेली एक नोंद आहे, प्रोफाइल नव्हे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या जेपेगमध्ये ही नोंद असते आणि आयसीसी प्रोफाइल नसतं, आणि फायरफॉक्स बघतो ते प्रोफाइल. खरं बघायचं असेल तर exiftool हा प्रोग्राम टाकून कमांड विंडोत हे चालवा:

```
exiftool -ICC_Profile:ProfileDescription haldi.jpg
```

उत्तरात `sRGB IEC61966-2.1` किंवा असलंच एखादं नाव आलं तर आहे, काहीच आलं नाही तर नाही. फोटोशॉपच्या एक्सपोर्टमध्येही `Convert to sRGB` आणि `Embed Color Profile` अशा दोन वेगळ्या चौकटी आहेत. पहिली आकडे बदलते, दुसरी माप लिहून ठेवते, दोन्हीवर टिक पाहिजे आणि लोक पहिली करून उठतात. वेबसाइटवर चढवल्यानंतर तोच फोटो परत डाउनलोड करून तपासा, आपल्या फोल्डरमधला तपासून उपयोग नाही.

निघून गेलेलं प्रोफाइल परत चिकटवता येतं, पण फोटो मुळात एसआरजीबीतच होता याची खात्री असेल तरच. अडोबी आरजीबी या एसआरजीबीहून मोठ्या मापातल्या फोटोला एसआरजीबीचं लेबल लावलं तर तो सगळीकडं एकसारखा फिका दिसेल, हळद मातकट होईल.

ब्राउझरच्या बाजूनं, फायरफॉक्समध्ये `about:config` उघडून `gfx.color_management.mode` शोधा. तिथं मुळात 2 असतं, म्हणजे फक्त प्रोफाइलवाले फोटो सांभाळ. ते 1 करा आणि ब्राउझर बंद करून चालू करा, मग बिनप्रोफाइलचा फोटो आणि पानाचे रंग दोन्ही एसआरजीबी धरले जातात. माझ्याकडं कायम 1 असतं. 2 वर अजून एक त्रास होतो, प्रोफाइल असलेल्या फोटोची लाल किनार आणि पानाची तीच लाल पार्श्वभूमी एकमेकांना जुळत नाही, मध्ये रेष दिसते.

आणि तो जो सल्ला फिरतोय ना, `chrome://flags` मध्ये `Force color profile` ला `sRGB` करा म्हणजे दोन्ही जुळतात, तो कृपा करून कुणाला देऊ नका. त्यानं क्रोमला आपण सांगतो की मॉनिटरच एसआरजीबी आहे, मग तो वाइड गॅमट मॉनिटरवर रूपांतरच करत नाही आणि क्रोमसुद्धा भडक दाखवायला लागतो. जुळतात खरे, पण दोघं मिळून चुकतात, आणि आधी बरोबर असलेले प्रोफाइलवाले फोटोही त्यात बिघडतात.

हे सगळं साध्या लॅपटॉपवर दिसणार नाही, कारण तिथं स्क्रीनच एसआरजीबीच्या आसपास असते आणि रूपांतर केलं काय, न केलं काय, आकडे जवळपास तेच राहतात. मॉनिटरचं प्रोफाइल विंडोजमध्ये बसवलेलंच नसेल तर भारी मॉनिटरवरही दोन्ही ब्राउझर सारखेच भडक दाखवतील. म्हणून कुणी ‘माझ्याकडं तर सेम दिसतंय’ म्हणालं की मी आधी मॉनिटर कुठला ते विचारतो.

त्या व्यापाऱ्याच्या साइटवर मी प्लगिनमधला प्रोफाइल काढायचा पर्याय बंद केला आणि फोटो नव्यानं चढवला, पोराच्या ब्राउझरला हातही लावला नाही, कारण गिऱ्हाइकांच्या ब्राउझरमधली सेटिंग आपण थोडीच बदलणार.