पृथ्वीचे अंतरंग

पृथ्वीच्या पोटात तीन मुख्य थर आहेत. सर्वांत वर भूकवच असते. त्याची जाडी महासागरांखाली ५ ते ८ किमी, तर खंडांखाली साधारण ३० ते ४० किमी असते आणि उंच पर्वतरांगांखाली ती ७० किमीपर्यंत जाते. त्याखाली सुमारे २,९०० किमी खोलीपर्यंत प्रावरण पसरले आहे आणि त्याच्याही आत, थेट केंद्रापर्यंत, गाभा आहे. माणसाने खणलेले सर्वांत खोल विवर, रशियातील कोला येथील, जेमतेम १२ किमी खोल आहे. त्यामुळे खालचे जवळजवळ सारे ज्ञान भूकंपतरंगांतून मिळाले आहे.

हे तरंग दोन प्रकारचे. प्राथमिक (पी) तरंगांत खडक पुढेमागे दाबला जातो. ते वेगवान असून घन व द्रव दोन्हींतून जातात. दुय्यम (एस) तरंगांत खडक आडवा हलतो. द्रवाला स्वतःचा आकार टिकवण्याची ताकद नसल्याने हे तरंग त्यातून जाऊच शकत नाहीत. प्रावरणातून मात्र ते सहज जातात. म्हणजे प्रावरण हा वितळलेल्या लाव्ह्याचा साठा असल्याची समजूत खरी नाही. ते घन आहे, केवळ लाखो वर्षांच्या अवधीत अतिशय संथपणे वाहते.

८ ऑक्टोबर १९०९ रोजी क्रोएशियातील झाग्रेबजवळ भूकंप झाला. त्याच्या नोंदी तपासताना भूकंपशास्त्रज्ञ आंद्रिया मोहोरोविचिच यांना काही ठिकाणी पी तरंग दोनदा आलेले दिसले. एक तरंग भूकवचातून सरळ आला होता. दुसरा खाली उतरून, अधिक वेगाच्या खडकातून धावून पुन्हा वर आला होता. भूकवच ३५ किमी जाड आणि वेग वर सेकंदाला ६, खाली ८ किमी धरला, तर सुमारे १८५ किमीपलीकडे हा लांबच्या वाटेचा तरंगच आधी पोहोचतो. यावरून भूकवच आणि प्रावरण यांच्यातील सीमेची खोली काढता येते. मोहोरोविचिच यांचे उत्तर ५४ किमी आले.

गाभ्याचा पुरावा तरंगांच्या अनुपस्थितीत सापडला. अपिकेंद्रापासून, म्हणजे भूकंपाच्या उगमाच्या बरोबर वर असलेल्या पृष्ठभागावरील बिंदूपासून, पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे १०४ अंशांचा कोन होईल इतके, म्हणजे पृष्ठभागावरून साधारण ११,५०० किमी दूर गेल्यावर थेट एस तरंग मिळेनासे होतात. पी तरंगही तेथून सुमारे १४० अंशांपर्यंत जवळपास लुप्त होतात. या पट्ट्याला छायापट्टा म्हणतात. गाभ्यात शिरताना पी तरंगांचा वेग सेकंदाला सुमारे १३.७ वरून ८ किमीवर घसरतो. त्यामुळे ते आतल्या बाजूला वळतात आणि मधला पट्टा रिकामा राहतो. रिचर्ड ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये गाभ्याचे अस्तित्व दाखवले व पुढे बेनो गुटेनबर्ग यांनी त्याची खोली निश्चित केली. तरीही केवळ एस तरंग दिसत नाहीत म्हणून गाभा द्रव ठरवणे धाडसाचे होते. हॅरॉल्ड जेफ्रीझ यांनी १९२६ मध्ये स्वतंत्र आधार दिला : भरती-ओहोटीच्या बलाला सबंध पृथ्वी जेवढी दाद देते, तेवढी ती प्रावरणाइतकी ताठ असती तर दिली नसती. आत कुठेतरी द्रव असायलाच हवे होते.

छायापट्टा पूर्ण काळोखा मात्र नव्हता. तेथेही क्षीण पी तरंग उमटत. ते गाभ्याच्या कडेवरून वळून आले असावेत, असे मानले जाई. १९२९ मधील न्यूझीलंडच्या भूकंपाच्या नोंदी तपासून इंगे लेमन यांनी १९३६ मध्ये दाखवले की, गाभ्याच्या आत आणखी एक, अधिक वेगाचा गाभा मानला तर हे तरंग नीट उलगडतात. त्याची त्रिज्या आज सुमारे १,२२० किमी मानतात. तो घन असल्याची भक्कम खात्री मात्र १९७१ मध्ये, मोठ्या भूकंपांनंतर सबंध पृथ्वीच्या होणाऱ्या कंपनांच्या अभ्यासातून पटली.