स्वागत समारंभात स्टेजवर कोणी कुठे उभं राहायचं, आधी कोणाला भेटायचं

(समारंभाची व्यवस्था आमच्याकडे सोपवलेल्या दोन्ही घरांसाठी. बैठकीला येण्याआधी एकदा वाचून या.)

बैठकीत मेनूवर दोन तास बोलणं होतं, स्टेजच्या फुलांवर अर्धा तास. स्टेजवर कोण कुठे उभं राहणार हा विषय मात्र कोणी काढत नाही, मग तो ऐनवेळी फोटोग्राफर ठरवतो. त्याचं लक्ष फ्रेमवर असतं. पायऱ्या चढून आलेल्या पाहुण्याला समोर कोण दिसतं, ही त्याची काळजी नाही. रुसवे-फुगवे तिथेच सुरू होतात: "इतक्या लांबून गेलो, पण मुलाकडच्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही." बघितलं नाही हे खरं असतं, पण त्यात आकस नसतो. ते पाहुणे कोणाचे हेच त्यांना ठाऊक नसतं.

खाली लिहिलंय ते दोन्ही घरांनी मिळून, एकाच कार्यालयात ठेवलेल्या संध्याकाळच्या समारंभासाठी. फक्त वरपक्षाने बोलावलेलं रिसेप्शन असेल तर काम सोपं असतं. वराचे आईवडील यजमान म्हणून पुढे उभे राहतात. वधूचे आईवडील त्या दिवशी पाहुणे असतात, त्यांना पहिल्या रांगेत मानाने बसवावं आणि तासाभराने स्टेजवर बोलवावं.

आधी जिना बघा

सप्तपदीनंतर वधू वराच्या डाव्या हाताला असते, म्हणून रिसेप्शनलाही ती तिथेच उभी राहते. समोर बसलेल्यांना वर डावीकडे आणि वधू उजवीकडे दिसते. साहजिकच वराचे आईवडील वराच्या बाजूला आणि वधूचे वधूच्या बाजूला उभे राहतात. इथवर सगळ्यांचं एकमत असतं.

गोंधळ जिन्यामुळे होतो. स्टेजचा जिना वराच्या बाजूला असेल, तर चढणारा प्रत्येक माणूस आधी वराच्या आईवडिलांना भेटणार, मग वर, वधू आणि शेवटी वधूचे आईवडील. वराकडच्या पाहुण्यांना यात काही खटकत नाही. पण वधूचे मामा किंवा तिच्या वडिलांच्या ऑफिसातले जुने सहकारी वर येतात, तेव्हा पहिल्यांदा दोन अनोळखी माणसं समोर येतात. दोन्हीकडून अवघडलेले नमस्कार होतात, आणि ज्यांनी आमंत्रण दिलं ते पार पलीकडच्या टोकाला. मग पाहुणे मधल्या सगळ्यांना ओलांडून त्यांच्याकडे सरकतात आणि रांग तुंबते. जिना वधूच्या बाजूला असेल तर हेच सगळं उलट घडतं. आमच्या भागातल्या बऱ्याच कार्यालयांत वापरता येण्याजोगा जिना एकच असतो, दुसरीकडे खोलीचं दार नाहीतर जनरेटरच्या वायरी. त्यामुळे हॉल बुक करताना जिना कुठल्या बाजूला आहे याचा मोबाइलवर फोटो काढून आम्हाला पाठवा. बाकीची मांडणी त्यावरून ठरते.

जिना गैरसोयीच्या बाजूला आहे म्हणून वधूवरांच्या जागा बदलू नका. एखादी आजी ते हमखास ओळखते आणि भर समारंभात बोलून दाखवते.

दोन्ही वडील जिन्यापाशी, दोन्ही आया मुलांजवळ

आम्ही सुचवतो ती मांडणी अशी. वराचे वडील आणि वधूचे वडील, दोघेही जिन्याच्या वरच्या पायरीपाशी शेजारी-शेजारी उभे राहतात. वराची आई वराच्या बाजूला आणि वधूची आई वधूच्या बाजूला असते. म्हणजे पाहुणा कोणाचाही असो, वर येताच दोघांपैकी एक चेहरा ओळखीचा असतोच. ज्यांचा पाहुणा ते अर्धं पाऊल पुढे होतात, "या या" म्हणतात आणि लगेच शेजारी वळून ओळख करून देतात: "व्याही, हे आमचे देशपांडेकाका, शेजारच्या ब्लॉकमधले." नाव आणि नातं, एवढंच पुरे. व्याही हात जोडतात आणि पाहुणे पुढे सरकतात. देशपांडेकाकांनी मुलीला सायकल शिकवली होती ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर सांगता येईल.

काही घरांत वरपक्षाचा मान आधी, म्हणून पाहुणे कोणाचेही असले तरी पहिला नमस्कार वरपित्यालाच व्हावा, असा आग्रह असतो. तो मान सीमांतपूजनात, जेवणाच्या पंगतीत अवश्य ठेवा. जिन्यापाशी मात्र ज्यांनी बोलावलं त्यांनी पुढे व्हावं. नाहीतर पाहुण्याला आपण चुकीच्या लग्नाला आलो की काय असं वाटतं.

दोन्ही आयांनी सोफ्याला चिकटून उभं राहू नये. वधूवर आणि आई यांच्यात साधारण चार फूट जागा मोकळी ठेवा, कारण फोटोसाठी पाहुणे तिथेच उभे राहणार आहेत. जागा सोडली नाही तर प्रत्येक फोटोत विहीणबाईंचा अर्धा पदर आणि एक कोपर येतं, आणि अल्बम आल्यावर ते कोणालाच आवडत नाही. भावंडं, करवल्या, मित्र यांची जागा सोफ्याच्या मागे किंवा स्टेजच्या खाली. रांगेत त्यांचं काम नाही.

सहाशे पाहुणे, अडीच तास

हिशेब एकदा करून बघा. पत्रिकेत वेळ सात ते साडेनऊ छापलीय, म्हणजे १५० मिनिटं. सहाशे माणसं येणार, पण ती एकेकटी वर येत नाहीत. नवरा, बायको, एखादं मूल, असे सरासरी तिघे धरले तर २०० गट होतात. १५० मिनिटांचे ९,००० सेकंद, म्हणजे एका गटाला ४५ सेकंद. यातच दोन्ही वडिलांशी ओळख, वधूवरांना शुभेच्छा, फोटो आणि उतरणं. वधूवरांना पाणी प्यायला, पदर सावरायला मिळून पंधरा मिनिटं लागतातच. ती वजा केली तर ४० सेकंद उरतात.

चाळीस सेकंद कमी नाहीत. रांग नीट चालली तर जिन्यापाशी दहा, वधूवरांशी दहा-बारा, फोटोला दहा आणि उरलेल्यात माणूस खाली. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, पाकीट कोणाच्या हातात द्यायचं हे न कळल्यामुळे पाहुणे घुटमळतात. दुसरं, वधूवर प्रत्येकाला वाकून नमस्कार करतात.

पाकिटाचं बघायचं तर वधूच्या आणि वराच्या मागे घरातलं एकेक विश्वासू माणूस हवं. त्यांच्याकडे पिशवी असावी, आणि आलेल्या पाकिटावर नाव नसेल तर त्यांनी तिथल्या तिथे पेनाने लिहावं. "आहेर आणू नये" असं छापलं असेल तरी ही दोन माणसं लागतातच, पाकिटं येतातच.

नमस्काराचा मुद्दा नाजूक आहे. भरजरी शालू आणि वर शेला घेतलेली मुलगी वाकते, पाहुणे "असू दे, असू दे" म्हणत तिला उठवतात, पदर घसरतो, मागून कोणीतरी तो खोचतं, फोटोग्राफर "इकडे बघा" म्हणून पुन्हा सगळ्यांना उभं करतो. यात पाव-अर्धा मिनिट सहज जातं. आणि एकाला वाकलं की पुढच्या प्रत्येक वडीलधाऱ्याला वाकावंच लागतं, नाहीतर भेदभाव दिसतो.

म्हणून रांग सुरू होण्याआधी, पावणेसातला, वधूवरांनी खाली उतरून पहिल्या रांगेत बसलेल्या दोन्हीकडच्या आजी-आजोबांना आणि थोरल्या मंडळींना जोडीने नमस्कार करावा. आधी वराकडच्या की वधूकडच्या, असा वाद घालू नका. वयाने सर्वांत मोठं जे असेल तिथून सुरुवात करा. गुडघे दुखणाऱ्यांना मग स्टेज चढावंच लागत नाही आणि त्यांचे फोटोही निवांत होतात. नंतर स्टेजवर सगळ्यांना हात जोडून नमस्कार. गुरुजी, शिक्षक, गावाहून आलेले पणजोबा असे अपवाद राहतात. त्यांची चार-पाच नावं आधी दिलीत तर आमचा माणूस जिन्याखालून खूण करतो.

पाहुण्यांना काय सांगावं

पाहुणे विचारतात, आधी कोणाला भेटायचं? वाटेत जो पहिला उभा आहे त्याला. तो ओळखीचा नसला तरी त्याला टाळून पुढे जाऊ नये. हात जोडावे आणि आपण कोण ते एका वाक्यात सांगावं: "मी मुलीच्या आईची मैत्रीण." वधूवरांपैकी आपल्या ओळखीचं जे असेल त्याच्याशी आधी बोललं तरी चालतं, पण शुभेच्छा दोघांना द्याव्यात. सगळं बोलणं मुलीशीच करून नवऱ्याकडे न बघता उतरणारे पाहुणे फार असतात, आणि तो बिचारा हसू धरून उभा असतो.

जिना एकच असेल तर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात. मधोमध दोरी लावण्यापेक्षा खाली एक माणूस उभा करणं चांगलं. आधीचा गट खाली आला की तो पुढच्याला सोडतो. कार्यालयाच्या दाराशी गुलाबपाणी शिंपडायला आणि अत्तर लावायला दोन्ही घरांतली एकेक मावशी-आत्या ठेवा, म्हणजे आपलं माणूस तिथेही दिसतं.

एकच पालक असतील तर

वडील नसलेल्या घरात आई एकटीच असते. तिला जिन्यापाशी उभं करायचं की नाही, असा प्रश्न कुजबुजत्या आवाजात येतो. आमचं उत्तर सरळ आहे: वडिलांच्या जागी आईच उभी राहील, व्याह्यांच्या शेजारी, आणि मुलीजवळची तिची जागा मावशी किंवा काकू घेईल. तिलाच ते नको असेल, तर मामा किंवा काका जिन्यापाशी उभे राहतात आणि ती मुलीजवळ थांबते. निर्णय तिचा असतो. तिच्या वतीने दीर किंवा भावाने तो परस्पर सांगितला, तर आम्ही तिला फोन करून विचारतो.

आईवडील वेगळे राहत असतील आणि दोघेही येणार असतील, तरी ही मांडणी उपयोगी पडते. वडील जिन्यापाशी, आई मुलीजवळ. दोघांना शेजारी उभं राहावं लागत नाही आणि पाहुण्यांना काही वेगळं जाणवत नाही. कुटुंबाच्या फोटोपुरतं कोण कोणाशेजारी हे मात्र आधी ठरवून फोटोग्राफरला लिहून द्या, तो स्टेजवरून मोठ्याने विचारतो.

रांग बंद करताना

साडेनऊला खालचा माणूस नवीन कोणाला रांगेत घेत नाही, फक्त आधी उभे असलेले वर जातात. पावणेदहाला वधूवर आणि दोन्ही घरं जेवायला बसतात. त्यानंतर कोणी आलं तर दाराशी उभ्या असलेल्या मावशी-आत्या त्यांना थेट पंगतीपाशी घेऊन येतात. फोटो तिथेच होतो, वधूवरांनी ताटावरून उठायची गरज नाही.

दोन्ही वडिलांची आणि दोन्ही आयांची नावं, त्यांच्याऐवजी उभं राहणारी माणसं आणि खाली नमस्कार करायच्या ज्येष्ठांची यादी समारंभाच्या आठ दिवस आधी द्या.