स्प्लिट आणि स्प्लिटलेस इंजेक्शन (गॅस क्रोमॅटोग्राफी)

गॅस क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे जीसीमध्ये, द्रव सॅम्पल आधी गरम इनलेटमध्ये वाफ होतं आणि मग ती वाफ कॅरिअर गॅसबरोबर कॉलममध्ये, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या लांब बारीक नळीत, जाते. त्या वाफेतली किती कॉलमला द्यायची आणि किती बाहेर सोडायची यावरून दोन पद्धती पडतात. स्प्लिटमध्ये बहुतेक वाफ बाहेर जाते आणि थोडीशीच कॉलममध्ये शिरते, स्प्लिटलेसमध्ये जवळजवळ सगळी कॉलममध्ये ढकलली जाते. बहुतेक मशीनवर इनलेट एकच असतो, फरक फक्त स्प्लिट व्हेंटचा व्हॉल्व्ह उघडा की बंद एवढाच. पण या एका व्हॉल्व्हमुळे ओव्हनचं टेम्परेचर कुठून सुरू करायचं हेसुद्धा ठरतं, आणि नवीन माणसाच्या बहुतेक अडचणी इथेच असतात, कारण इंजेक्शन आणि ओव्हन प्रोग्राम या दोन वेगळ्या सेटिंग समजून तो वेगवेगळ्या भरतो.

मुळात स्प्लिट लागतं का तर कॅपिलरी कॉलमचं पोट फार लहान असतं. ०.२५ मिमी व्यासाच्या आणि ०.२५ मायक्रॉन फिल्मच्या नेहमीच्या कॉलमला एका घटकाचे साधारण ५० ते १०० नॅनोग्रॅम झेपतात, त्याच्या वर गेलं की त्या घटकाचा पीक, म्हणजे आलेखावरचा सुळका, पुढे कलंडतो, एका बाजूला उतार आणि दुसऱ्या बाजूला कडा, शार्कच्या पंखासारखा. आता मिलीलीटरला १ मिलिग्रॅम असं सोल्यूशन घेतलं आणि १ मायक्रोलीटर टोचलं तर प्रत्येक घटकाचे १००० नॅनोग्रॅम आत गेले, म्हणजे कॉलम ओव्हरलोड. स्प्लिट रेशो ५०:१ ठेवला, म्हणजे कॉलममधून मिनिटाला १ मिली आणि व्हेंटमधून ५० मिली, की कॉलमपर्यंत वीसेक नॅनोग्रॅम पोचतात आणि काम होतं.

स्प्लिटचा दुसरा फायदा मात्र लोक विसरतात आणि खरं तर तोच महत्त्वाचा आहे, तो म्हणजे वेग. ४ मिमी आतल्या व्यासाच्या लायनरमध्ये, म्हणजे इनलेटच्या आतल्या काचेच्या नळीत, साधारण ९०० मायक्रोलीटर जागा असते. मिनिटाला ५१ मिली गॅस वाहतोय म्हटल्यावर ती जागा साधारण सेकंदाभरात धुऊन निघते. म्हणजे वाफेचा जो भाग कॉलममध्ये शिरतो तो सेकंदाभरात शिरतो, पट्टा मुळातच अरुंद असतो, आणि ओव्हन ५० ला असो की १५० ला, पीक चांगला येतो.

आता तेच सॅम्पल हजारपट पातळ आहे असं धरा, मिलीलीटरला १ मायक्रोग्रॅम. १ मायक्रोलीटरमध्ये १ नॅनोग्रॅम, त्याला ५०:१ स्प्लिट केलं की उरले वीसेक पिकोग्रॅम, आणि एफआयडी, म्हणजे ज्वालेवर चालणाऱ्या डिटेक्टरवर, एवढ्याचा पीक बेसलाइनच्या नॉइजमधून जेमतेम डोकं वर काढतो. इथे स्प्लिटलेस लागतं. ही पद्धत १९६० च्या दशकाच्या शेवटी स्वित्झर्लंडचे कर्ट ग्रोब यांनी पुढे आणली. व्हेंट बंद ठेवून इंजेक्ट करायचं, साधारण मिनिटभर तसंच राहू द्यायचं, मग व्हेंट उघडून ५० मिलीच्या आसपास फ्लोने लायनरमध्ये उरलेली वाफ बाहेर काढायची. व्हेंट कधीच उघडला नाही तर सॉल्व्हंटची वाफ थोडी थोडी करत येतच राहते आणि सॉल्व्हंट पीकची शेपटी एवढी लांबते की सुरुवातीचे पीक तिच्यात बुडतात.

व्हेंट किती वेळ बंद ठेवायचा हे पुस्तकातून उचलू नये, स्वतःच्या सॅम्पलवर काढावं. एकच स्टँडर्ड ०.५, ०.७५, १ आणि १.५ मिनिटाच्या पर्ज टाइमला, म्हणजे तेवढ्या वेळाने व्हेंट उघडून, चालवायचं आणि सगळ्यात जड घटकाचा एरिया बघायचा, तो वाढायचा जिथे थांबतो तिथून थोडा पुढचा आकडा घ्यायचा.

आकारमानाचं गणितही इथे सांभाळावं लागतं. २५० अंशाच्या इनलेटमध्ये १० पीएसआयच्या आसपास प्रेशरला १ मायक्रोलीटर हेक्झेनची साधारण २०० मायक्रोलीटर वाफ होते, ती लायनरमध्ये आरामात मावते. मिथेनॉलची सहाशेच्या वर होते, आणि पाण्याची १४०० च्या आसपास, म्हणजे लायनरच्या बाहेर. स्प्लिटलेसमध्ये वाफेला पळायला वाट नसते, मग ती मागे सेप्टमच्या, म्हणजे सुई टोचायच्या रबरी बुचाच्या, बाजूला आणि गॅसच्या नळ्यांमध्ये घुसते, याला बॅकफ्लॅश म्हणतात. ओळखायचं कसं, तर एरिया दर इंजेक्शनला वेगळा येतो आणि पुढच्या ब्लँकमध्ये, म्हणजे नुसत्या सॉल्व्हंटच्या इंजेक्शनमध्ये, आधीच्या सॅम्पलचे पीक दिसतात.

आता मूळ अडचण. स्प्लिटलेसमध्ये लायनर रिकामा करणारा फ्लो फक्त कॉलमचा, मिनिटाला १ मिली, म्हणजे सॅम्पल कॉलममध्ये शिरायलाच मिनिटभर लागतं. पीक हवा तीन-चार सेकंद रुंद आणि आत शिरताना पट्टा साठ सेकंदांचा, मग पीक बारीक होणार कुठून? तर कॉलमच्या तोंडाशीच तो पट्टा पुन्हा गोळा करावा लागतो, आणि त्यासाठी ओव्हन सुरुवातीला थंड ठेवावा लागतो.

हे गोळा होणं दोन तऱ्हांनी होतं. जड घटक थंड कॉलमवर आले की जागच्या जागी थिजल्यासारखे थांबतात, पुढे सरकत नाहीत, याला कोल्ड ट्रॅपिंग म्हणतात, आणि ढोबळ नियम असा की घटकाचा उत्कलनबिंदू ओव्हनच्या सुरुवातीच्या टेम्परेचरपेक्षा दीडशेएक अंश वर असला की हे नीट होतं. हलक्या घटकांना तेवढी थंडी पुरत नाही, त्यांच्यासाठी सॉल्व्हंट इफेक्ट. ओव्हन सॉल्व्हंटच्या उत्कलनबिंदूच्या १० ते २० अंश खाली ठेवला की सॉल्व्हंटच कॉलमच्या सुरुवातीला पातळ थर होऊन बसतो, हलके घटक त्यात अडकतात, आणि थर मागून पुढे उडत जातो तसे ते पुढे पुढे लोटले जाऊन शेवटी अरुंद पट्ट्यात जमा होतात. यासाठी सॉल्व्हंटने कॉलम नीट भिजवला पाहिजे. नॉन-पोलर कॉलमवर मिथेनॉल टाकलं की ते थराऐवजी थेंब थेंब होतं आणि पीक फाटके येतात.

एक केस घेऊ. हेक्झेनमध्ये सी-१० (डेकेन) पासून सी-३६ पर्यंतचे सरळ साखळीचे अल्केन, प्रत्येकी मिलीलीटरला १ मायक्रोग्रॅम, कॉलम ३० मीटर, ५ टक्के फेनिलवाला, गॅस हेलियम, १ मिली. डेकेन १७४ अंशाला उकळतं, सी-२० जवळपास ३४३ ला, आणि सी-३६ त्याच्याही बऱ्याच वर.

आधी एकाच टेम्परेचरला का जमत नाही ते बघू. एकाच टेम्परेचरला साखळीत एक कार्बन वाढला की कॉलममध्ये अडकून राहायचा वेळ साधारण दुप्पट होतो. समजा १५० अंशाला डेकेन अर्धा मिनिट अडकलं, तर दहा कार्बन पुढचं सी-२० हजारपट, म्हणजे ५०० मिनिटं, आठ तासांच्या वर, आणि येईल ते बेसलाइनवर पसरलेल्या फुगवट्यासारखं. ओव्हन २८० ला नेला तर जड मंडळी लवकर येतात पण डेकेन आणि त्याचे शेजारी सगळे सॉल्व्हंटच्या पीकमध्ये गर्दी करतात. म्हणून टेम्परेचर प्रोग्रामिंग, म्हणजे ओव्हन हळूहळू तापवत न्यायचा. दर वीसेक अंशाला घटकाची पकड निम्म्यावर येते, त्यामुळे प्रत्येक जण आपापली वेळ येईपर्यंत जवळपास थांबून राहतो आणि वेळ आली की झपाट्याने निघतो. आठ तासांचा पसारा अर्ध्या-पाऊण तासात बसतो, पीकची रुंदी साधारण सारखी राहते, आणि ओळीतले अल्केन जवळपास सारख्या अंतराने येतात.

सुरुवात ५० अंशाला, हेक्झेनच्या ६९ अंशाच्या १९ अंश खाली, आणि पर्ज टाइम १ मिनिट असल्यामुळे होल्डही, म्हणजे त्याच टेम्परेचरला थांबणंही, १ मिनिट. ५० अधिक १५० म्हणजे २००, म्हणजे २१६ ला उकळणाऱ्या सी-१२ पासून पुढचे सगळे कोल्ड ट्रॅपिंगने सांभाळले जातात, आणि डेकेनची काळजी सॉल्व्हंट इफेक्ट घेतो. रॅम्पसाठी, म्हणजे ओव्हन तापवायच्या वेगासाठी, एक चांगला अंदाज आहे: कॉलममध्ये न अडकणारा गॅस जेवढ्या वेळात बाहेर येतो तेवढ्या वेळाला १० अंश. या कॉलमवर तो वेळ सव्वा ते दीड मिनिट, म्हणून मिनिटाला ७-८ अंश. ८ धरला तर ५० वरून ३२० ला जायला पावणेचौतीस मिनिटं, शेवटी ५ मिनिटं होल्ड, एकूण जवळपास ४० मिनिटं. कॉन्स्टंट फ्लो मोड लावायला विसरू नका, कारण तापल्यावर गॅस जास्त चिकट होतो आणि प्रेशर तेच ठेवलं तर ३२० ला पोचेपर्यंत फ्लो सुरुवातीच्या एक तृतीयांशाच्या आसपास उतरतो.

आता कोणी वेळ वाचवायला सुरुवात १०० ला केली तर काय दिसेल? सॉल्व्हंट इफेक्ट गेलाच, आणि कोल्ड ट्रॅपिंग फक्त २५० च्या वर उकळणाऱ्यांना. म्हणजे सी-१० आणि सी-१२ पसरट, सी-१४ काठावर, सी-१६ पासून पुढे सगळे सुईसारखे. पुढचे पीक खराब आणि मागचे चांगले असा क्रोमॅटोग्राम दिसला की आधी सुरुवातीचं टेम्परेचर आणि सॉल्व्हंट तपासा, कॉलम कापायला धावू नका. तेच अल्केन जास्त तीव्र सोल्यूशनमध्ये घेऊन १०० ला स्प्लिटने चालवले की डेकेनसुद्धा बारीक येतं, आणि यावरून दोष कॉलमचा नव्हता हे लगेच कळतं.

उलट चित्र, म्हणजे आकार सगळ्यांचा चांगला पण जड घटकांचा एरिया घसरलेला, हा वेगळा आजार आहे. एफआयडीवर सारख्या वजनाच्या अल्केनना जवळपास सारखा एरिया मिळायला हवा. सी-३६ चा एरिया सी-२० च्या ०.८ पटीच्याही खाली गेला तर इनलेट भेदभाव करतोय असं समजा, इंग्रजीतल्यासारखं डिस्क्रिमिनेशनच म्हणतात याला. सुई सावकाश रिकामी झाली तर हलकं आधी उडतं आणि जड सुईतच चिकटून परत बाहेर येतं, म्हणून ऑटोसॅम्पलरचं झटपट इंजेक्शन बरं. लायनरमध्ये ग्लास वूल असेल तर थेंब त्यावर अडकून पूर्ण वाफ व्हायला वेळ मिळतो. इनलेट ३०० पर्यंत नेता येतो, आणि इंजेक्शनच्या वेळी मिनिटभर प्रेशर वाढवून ठेवलं की वाफेचं आकारमानही घटतं आणि लायनरही लवकर रिकामा होतो. फक्त ग्लास वूल नाजूक संयुगांना मानवत नाही. स्प्लिटलेसमध्ये ती मिनिटभर गरम काचेच्या सहवासात असतात, एंड्रिन आणि डीडीटी तर मळलेल्या लायनरमध्ये तिथेच तुटतात, म्हणून कीटकनाशकांच्या कामात सॅम्पल लावायच्या आधी याच दोघांची तुटफूट मोजून लायनर बदलायचा की नाही ते ठरवतात.